पाच मुलं, रिकामा रंगमंच, वीस मिनिटं : शालेय स्पर्धेसाठी नाटुकलं लिहायचंय

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. यंदा तालुक्याच्या आंतरशालेय नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरलंय. सातवीची पाच मुलं तयार आहेत, तीन मुली आणि दोन मुलगे. स्पर्धा एका मंगल कार्यालयात, भर दुपारी. स्टेजवर मागे एक पडदा आणि वर टांगलेले दोन माइक, बाकी काही नाही. खिडक्या मोठ्या असल्यामुळे अंधार होत नाही. वेळ वीस मिनिटं, नेपथ्य मांडायला वेगळी पाच मिनिटं. खर्चाला शाळेकडे पैसे नाहीत.

विषय मुलांनीच सुचवला. गावात संध्याकाळी येणारी मुक्कामी एसटी बंद होते आणि नऊ किलोमीटरवरच्या हायस्कूलला जाणाऱ्या मुलींची शाळा अडचणीत येते. मुलींना पाचवी ते बारावी पास मोफत आहे, पण पास हातात असून गाडीच नाही, हे मुलांना फार लागलंय. त्यांच्या मोठ्या बहिणींच्याच घरातली गोष्ट आहे ही.

मी आठ प्रवेश लिहिलेत. घर, शाळा, थांबा, ग्रामसभा, डेपो मॅनेजरचं ऑफिस, परत घर, परत शाळा आणि शेवटी थांब्यावर गाडी येते. पात्रं चौदा. ही चौदा पात्रं पाच जणांत कशी बसवू? आणि ऑफिस, ग्रामसभा वगैरे कमी खर्चात कसं दाखवू?

पैलतीर
सोपं आहे ताई. एक सूत्रधार घ्या. "आता आपण पाहू या डेपो मॅनेजरचं कार्यालय" असं त्याने म्हटलं की झालं कार्यालय. नेपथ्याची कटकटच संपली. आमच्या शाळेत कायम असंच करायचे.

तिसरी_घंटा
मी बरीच वर्षं बालनाट्यं लिहितो, बसवतो, आणि तालुका-जिल्हा पातळीवर परीक्षक म्हणूनही बसलोय. पैलतीर यांचं अर्धं बरोबर आहे. शब्दांनी जागा उभी राहते, आपल्या लोकरंगभूमीचा सगळा डोलारा त्यावरच आहे. पण ताईंकडे मुलं पाचच. त्यातला एक सूत्रधार झाला की उरले चार, आणि तो एक जण वीस मिनिटं कडेला उभा राहून, आपण पुढे जे बघणारच आहोत ते आधी सांगणार. परीक्षकाच्या खुर्चीत बसून असे निवेदक पुष्कळ पाहिलेत. ते बोलायला लागले की नाटक थांबतं.

ताई, तुमचा प्रश्न "कसं दाखवू" असा आहे. मी म्हणेन, दाखवायची गरजच पडणार नाही असं लिहा. आठ प्रवेश म्हणजे सात बदल. तुमच्याकडे अंधार होत नाही, म्हणजे प्रत्येक बदलाच्या वेळी मुलं उजेडात दप्तरं उचलणार, आत जाणार, दुसरी येणार. अर्ध्या मिनिटाचा एक बदल धरला तरी साडेतीन मिनिटं गेली, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षक सुटतो, त्याला परत धरून आणावं लागतं.

तुमच्या पाच जागांत एक जागा अशी आहे जी मुळातच रिकामी असते : एसटीचा थांबा. तिथे नेपथ्य नसतंच. पाच मुलं शाळेच्या गणवेशात, पाठीवर दप्तर, गाडीची वाट बघतायत. वेशभूषाही झाली. संध्याकाळी सहा ते सात असा एकच सलग तास घ्या आणि तो वीस मिनिटांत सांगा. बाकी चारही जागा काढून टाका.

पण नुसतं वाट बघणं म्हणजे नाटक नव्हे. कुणाला तरी काहीतरी हवं असलं पाहिजे, ते आजच हवं असलं पाहिजे आणि दुसऱ्या कुणाला नेमकं त्याच्या उलट हवं असलं पाहिजे. तुमच्या विषयात ते दडलेलं आहे. गाडी आली नाही हे घरी कळलं तर मोठ्या मुलीची शाळा बंद होणार. म्हणून तिला वाटतं, कुणी घरी काही सांगू नये, चालत जाऊ. धाकटीला भीती वाटतेय, तिला घरी फोन करायचाय. झालं, भांडण मिळालं. यात डेपो मॅनेजर लागतच नाही.

सावनी_के
मला पण मदत हवी आहे. आमच्या इथे गॅदरिंगला शिवाजी महाराजांवर नाटक आहे आणि पालक म्हणतात वर्गातल्या चाळीसही मुलांना काम द्या. मावळ्यांचे कपडे भाड्याने घेतले तर बजेटबाहेर जातंय. पागोटी आणि ढाली घरी कशा करायच्या?

तिसरी_घंटा
सावनीताई, तुमची अडचण अगदी उलटी आहे, तिला वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन. तोवर इतकंच : चाळीसही जणांना कपडे नकोत. सगळे शाळेच्या गणवेशात आणि कमरेला एकाच रंगाचा शेला, एवढ्यावर सैन्य उभं राहतं.

खडूफळा
सर, थांब्याचं पटलं. रात्री बसून पुन्हा वाचलं तर थांब्यावरचे प्रवेशच सगळ्यांत जिवंत होते. पण ग्रामसभा आणि डेपो मॅनेजर काढायचे म्हणजे मुलं नाराज होतील. सरपंच करायला एक जण नुसता उतावीळ झालाय. शिवाय गाडी का बंद झाली हे प्रेक्षकाला कळायला नको का?

तिसरी_घंटा
मग काढू नका, आत घ्या. गाडीची वाट बघून कंटाळलेली मुलं काय करतात? नकला करतात. एक जण म्हणतो, "आपला सरपंच काय म्हणाला परवा सभेत, दाखवू का?" आणि सुरू होतो. दुसरा लगेच डेपो मॅनेजर होतो. म्हणजे पाच मुलं थांब्यावरची मुलंच राहतात आणि खेळाखेळात चौदा पात्रं येऊन जातात. याचा मोठा फायदा असा की तेरा वर्षांच्या मुलाने साठ वर्षांचा सरपंच हुबेहूब करायची गरज उरत नाही. तो मुलगाच आहे आणि सरपंचाची नक्कल करतोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिशी चिकटवायची नाही, धोतर नाही. मिशी सुटून ओठावर लोंबायला लागली की संपूर्ण नाटक त्या मिशीचं होतं.

सामान म्हणून पाच दप्तरं वापरा. ती तशीही पाठीवर आहेतच. दप्तर उलटं पोटावर घेतलं की सरपंचाचं पोट. तीन दप्तरं एकावर एक रचली की मॅनेजरचं टेबल. बाकीची चार ओळीत ठेवली की ग्रामसभेत बसलेली माणसं, आणि सरपंच त्या दप्तरांशी बोलतो, ती गप्प राहतात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ग्रामसभेत कुणी बोललंच नाही ही गोष्ट तुम्हाला मग संवादात सांगावी लागत नाही.

फक्त एक पथ्य. नकलेचा खेळ तीनदाच करा आणि तिसऱ्या वेळी तो बिघडू द्या. मोठीला वडिलांची भूमिका करायला लावा. ती वडिलांच्या आवाजात "उद्यापासनं शाळा बंद" म्हणते आणि तिथे खेळ खेळ राहत नाही. पहिल्या दोन नकला हसवायला आणि हा तिसरा प्रसंग, यासाठीच तो सगळा घाट.

दशावतारी
कुडाळहून लिहितोय. आमच्याकडे दशावतारात मागे एक पडदा आणि पुढे एक बाकडं, एवढ्यावर रात्रभर नाटक चालतं. राजा बसला की ते सिंहासन, देव वर उभा राहिला की डोंगर, आणि ते कुणी समजावून सांगत नाही. पात्र ज्या रुबाबात बसतं त्यावरून कळतं. त्यामुळे मी म्हणेन ताई, निदान एक बाकडं घ्याच. उंची नसली तर पाचही मुलं एका पातळीवर उभी राहतात आणि मागच्या रांगांतल्या लोकांना पुढच्याच दोघांची तोंडं दिसतात. शाळेचा बाक टेम्पोतून नेला तरी चालेल.

तिसरी_घंटा
दशावतारींचा मुद्दा रास्त आहे, उंची हवीच. माझी शंका एवढीच की बाक प्रत्येक ठिकाणी वेगळा मिळतो, आणि स्वतःचा न्यायचा तर टेम्पोचं भाडं आलं. बहुतेक कार्यालयांत स्टेजला पुढून दोन-तीन पायऱ्या असतात, आधी जाऊन त्या वापरता येतात का बघा. बाक घेतलाच तर सरावही त्याच बाकावर करा.

रंगीत_पेन्सिल
मी बीएडला नाट्यशिक्षण केलं होतं. माझं मत, काहीच नेऊ नका, सगळं माइममध्ये करा. दप्तर, पुस्तक, डबा, मोबाइल, सगळं हवेत. मुलांची कल्पनाशक्ती वाढते आणि परीक्षकांवर छाप पडते.

तिसरी_घंटा
सगळं नको. एक-दोनदा लागणारी वस्तू हवेत चालते. पण जी वस्तू वीस मिनिटं हाताळायची आहे ती खरी असू द्या, कारण मुलं विसरतात. हवेतलं दप्तर खांद्याला अडकवतात आणि दोन वाक्यांनंतर तोच हात हलवत टाळी देतात. दप्तर पडलं कुठे? प्रेक्षकाच्या मनात तो प्रश्न अडकून राहतो. तुमच्या नाटकात दप्तर, पास आणि एक पाठ्यपुस्तक एवढं खरं ठेवा.

हवेत करायच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या मात्र घोटून घ्या.

पहिली, रस्त्यावरून जाणारं वाहन. लांबून आवाज येतो, सगळ्यांना वाटतं आली, उभी राहतात, दप्तरं उचलतात आणि ट्रक निघून जातो. ट्रक दाखवायचा तो डोळ्यांनी. पाचही मुलांनी एकाच वेळी एकाच बिंदूकडे बघत मान उजवीकडून डावीकडे न्यायची. एकाची मान आधी पोचली तर ट्रक दिसत नाही, मान हलवणारी मुलं दिसतात. सरावाला तुम्ही प्रेक्षकांच्या बाजूला हातात उंच काठी धरून चालत जा आणि मुलांना काठीच्या टोकाकडे बघू द्या. वेग अंगात बसला की काठी काढा. ट्रक समोरून गेल्यावर धुळीने डोळे बारीक करणं, कुणी तरी नाकाला रुमाल लावणं, हे त्यानंतर. आवाज स्पीकरवरून लावू नका, आयत्या वेळी पेन ड्राइव्ह चालत नाही.

दुसरी गोष्ट अंधार. तुमच्या हॉलमध्ये भर दुपारचा उजेड आहे आणि नाटकात सात वाजायचेत. तो मुलांच्या कृतीतून पाडावा लागेल. यासाठीच ते पाठ्यपुस्तक. सुरुवातीला एक मुलगी गुडघ्यावर पुस्तक ठेवून आरामात वाचतेय. मधे ती पुस्तक डोळ्यांजवळ आणते. नंतर उठून स्टेजच्या पुढच्या कडेला येते, उरलेला उजेड तिथे आहे म्हणून. मग वाचता येत नाही म्हणून मिटते. तिने पुस्तक मिटलं की हॉलमध्ये कितीही ऊन असो, नाटकात अंधार पडलेला असतो. त्यानंतर बाकीच्यांनी एकमेकांच्या जवळ सरकायचं, आवाज खाली आणायचा. आणि "किती अंधार पडला ना" हे वाक्य कुणीही म्हणायचं नाही.

खडूफळा
पुस्तकाचं वाचून मुलं अक्षरशः उड्या मारायला लागली. आज शाळेत करून बघितलं. ट्रक अजून तुकड्यातुकड्याने जातोय, पण जाईल.

नवीन सुरुवात लिहिली आहे. आधी मोठी मुलगी पहिल्याच मिनिटाला "शिक्षण हा प्रत्येक मुलीचा हक्क आहे" असं भाषण करायची. ते काढलं. आता अशी सुरुवात आहे :

सुमी : किती वाजलं?
गण्या : मघाशी इचारलंस तवा सहा.
सुमी : मघाशी म्हंजी कवा?
गण्या : सहालाच.
बेबी : आक्का, मला भूक लागलीया.
आक्का : आता यील गाडी.
बेबी : काल बी असंच म्हणालीस.
आक्का : मग आली न्हवं काल?
पांडू : ट्रॅक्टर आलता काल.
*(सगळे गप्प. आक्का पास काढून बघते, परत दप्तरात ठेवते.)*
आक्का : ह्ये बघा, आज कुणी घरी सांगायचं न्हाय.
सुमी : काय सांगायचं न्हाय?
आक्का : गाडी आली न्हाय ह्ये.

तिसरी_घंटा
"ट्रॅक्टर आलता काल" या एका ओळीत तुमचे आधीचे दोन प्रवेश आले. कालही गाडी नव्हती, मुलं ट्रॅक्टरवर बसून घरी गेली आणि आक्का ते लपवतेय. माझी एकच सूचना. पास काढून बघते ती जागा उत्तम आहे, पण ती नाटकात परत यायला हवी. धाकटी हट्टाला पेटली की तिने आक्काचा पास हिसकावून घ्यावा. मोफतच तर आहे, मग एवढं जपतेस कशाला, असं म्हणू दे तिला. आक्का काय उत्तर देते ते मी सांगणार नाही, मुलांना विचारा.

शुद्धलेखन_प्रेमी
संवाद छान आहेत, पण एक इशारा. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत वाचिक अभिनय असतो आणि बरेच परीक्षक त्यात उच्चारांचे गुण कापतात. "इचारलंस", "न्हाय" हे ऐकून मुलांना प्रमाण मराठी येत नाही असा समज होईल. निदान शिकणारी मुलं तरी शुद्ध बोलू द्या, ग्रामीण भाषा नकलांपुरती ठेवा.

खडूफळा
पण माझी मुलं असंच बोलतात हो. प्रमाण भाषेत लिहिलं की ती धडा म्हटल्यासारखी बोलायला लागतात, हात सरळ आणि नजर छताकडे. आणि बोली फक्त नकलेत ठेवली तर त्यांच्याच घरच्या भाषेला लोक हसणार.

तिसरी_घंटा
मी ताईंच्या बाजूने आहे. मात्र परीक्षक म्हणून हेही सांगतो की अस्पष्ट बोललेली बोली आणि अस्पष्ट बोललेली प्रमाण भाषा, दोन्हींचे गुण जातात. माइक टांगलेले आहेत म्हणजे मुलं खाली मान घालून बोलली की शब्द जमिनीत जाणार. वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातोय का एवढं ऐका. सरावाला तुम्ही वर्गाच्या दाराबाहेर उभ्या राहा.

शुद्धलेखन_प्रेमी
माझं मत कायम आहे. आमच्या भागात याच कारणावरून एका चांगल्या नाटकाचा नंबर गेलेला मी पाहिलाय.

पैलतीर
सूत्रधाराचं मी मागे घेतो, नकलांची कल्पना खूपच चांगली आहे. एक विचारू? वीस मिनिटांचं नाटक म्हणजे पानं किती लिहायची?

तिसरी_घंटा
पानांवर जाऊ नका, अक्षराच्या आकारावर पानं ठरतात. संहिता पूर्ण झाली की दोन जणांनी ती मोठ्याने, हावभाव न करता वाचायची आणि मोबाइलवर वेळ लावायची. नुसत्या वाचनाला बारा-तेरा मिनिटं लागली तर प्रयोग सतराच्या आसपास जातो, कारण ट्रक, नकला, दप्तरं रचणं आणि गप्प राहणं याला वेळ लागतो. वाचनच अठरा मिनिटांचं असेल तर आताच कापा. आदल्या दिवशी कापलं की मुलं जुनं वाक्य म्हणून बसतात आणि समोरचा अडकतो. सतरावर थांबा, वीस गाठू नका. प्रेक्षक हसले की मुलांना थांबावं लागतं आणि वेळ वाढते. वेळ ओलांडली तर गुण कापतात की बाद करतात, हे नियमावलीत बघून ठेवा.

दुसरं एक कोष्टक करा. उभ्या रांगेत पाच मुलांची नावं, आडव्या ओळीत प्रसंग : वाट बघणं, पहिला ट्रक, सरपंच, मॅनेजर, पुस्तक मिटणं, वडिलांची नक्कल, शेवट. प्रत्येक चौकोनात ते मूल त्या वेळी काय करतंय ते लिहा. तुमची पाचही मुलं पूर्ण वेळ स्टेजवर आहेत, त्यामुळे एंट्रीची अडचण नाही, पण रिकामा चौकोन म्हणजे एक मूल नुसतं उभं आहे. पांडूचे तीन चौकोन सलग रिकामे निघतील असा माझा अंदाज आहे. त्याला नवीन संवाद देऊ नका, काम द्या. तो रस्त्याकडे बघत राहणारा असू दे. मग ट्रक आधी त्यालाच दिसेल.

आणि सहावं मूल तयार ठेवा. प्रयोगाच्या आठवड्यात हमखास कुणाला तरी ताप येतो.

खडूफळा
कोष्टक केलं. पांडूचे चार चौकोन रिकामे निघाले! सहावी मुलगी शोधली आहे, तिला सगळ्यांचे संवाद पाठ होतायत.

आता शेवटावर अडलोय. माझ्या मूळ शेवटात गाडी येते आणि सगळे आनंदाने चढतात. मुलांत दोन तट पडलेत. मुली म्हणतात गाडी येऊ नये, कारण खरंच येत नाही. मुलगे म्हणतात यायलाच हवी, नाहीतर टाळ्या कुठे मिळणार? पासाचं उत्तर मात्र सुमी करणाऱ्या मुलीने दिलं : "ह्यो पास आक्काच्या नावाचा हाय. घरात दुसरं काय हाय तिच्या नावाचं?" हे आक्काने बोलायचं की सुमीने, तेवढं ठरायचंय.

दशावतारी
सुमीनेच बोलू दे. आक्का स्वतः बोलली तर ती रड होईल. आणि गाडी येऊ दे हो, मुलांचं नाटक आहे. लोक खूश होऊन घरी गेले पाहिजेत.

तिसरी_घंटा
सुमीनेच बोलावं, एकमत. गाडीबद्दल मात्र मी मुलींसोबत. गाडी आणलीत तर तुम्हाला ती दाखवावी लागेल, आणि वीस मिनिटं डोळ्यांनी ट्रक दाखवलेल्या मुलांना शेवटी आणखी मोठं काहीतरी करावं लागेल. शिवाय गाडी आली की घरी सांगायचं की नाही हा प्रश्न न सुटताच संपतो. आक्काला तो सोडवू द्या. ती स्वतः फोन मागते आणि वडिलांना लावते, असा शेवट मी करीन. वडील काय म्हणतात ते ऐकवू नका.

रंगीत_पेन्सिल
पण मग संदेश काय गेला? गुणपत्रिकेत सामाजिक आशय असतो. शेवटी पाचही जणांनी समोर येऊन "गाडी चालू करा" अशी मागणी तरी करावी.

तिसरी_घंटा
घोषणा हे पथनाट्याचं अंग आहे, तिथे ते शोभतं. इथे मुलीने स्वतःहून फोन लावला, त्यात मागणी आहेच. पण प्रत्येक परीक्षक माझ्यासारखा विचार करेल असं मी सांगू शकत नाही.

खडूफळा
दोन्ही शेवट लिहून मुलांकडून करून घेते आणि चौथी-पाचवीच्या वर्गांसमोर दाखवते. कुठे चुळबुळ होते ते बघून ठरवू. सर, पुढे राज्य बालनाट्य स्पर्धेचा विचार केला तर हीच संहिता चालेल का?

तिसरी_घंटा
त्यासाठी नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. संहिता स्वच्छ टाइप करून वेळेत पाठवावी लागते, म्हणून आत्तापासूनच एक अंतिम प्रत वेगळी ठेवा आणि तालमीत बदललेली वाक्यं तिच्यात भरत चला. वेळेची मर्यादाही तिथे वेगळी असते. तुमचं नाटक त्यासाठी वाढवायला लागलं तर चौथी नक्कल घालू नका, आक्का आणि बेबीचं भांडण वाढवा.

खडूफळा
लिहून घेतलं. उद्या मधल्या सुट्टीत वाचन ठेवलंय, वेळ मोजून इथेच कळवते. दशावतारी, पायऱ्या बघून आले. दोन आहेत, पण एक डुगडुगतेय. त्यामुळे बाक न्यावा लागेल असं दिसतंय.